खांबाजवळची जागा

माजिदा पठाणला खांबाजवळची जागा कुणी दिली नव्हती, ती नोकरीत टिकून टिकून मिळाली होती. ठिबक सिंचनाच्या पाइपा आणि पंप बनवणाऱ्या कंपनीचं ते हेल्पलाइन ऑफिस. सातपूरच्या पुढे एका इमारतीचा तिसरा मजला. शेतकऱ्यांचे फोन येत, फिल्टर तुंबला, पंप पाणी उचलत नाही, नळी उंदरानं कुरतडली, आणि हेडफोन लावलेल्या दहा-बारा जणी-जणांनी ते ऐकून घ्यायचे, तक्रार कॉम्प्युटरवर चढवायची, जवळच्या मेकॅनिकला पाठवायची. माजिदा तिथली सगळ्यात जुनी. पिंपळगाव बसवंतची असल्यामुळे द्राक्षबागेतली भाषा तिला शिकवावी लागली नव्हती. एखादा गडी चिडून बोलायला लागला की ती म्हणायची, "दादा, लय तापू नका, आधी बाग सांगा कुठली, मग आपण दोघं मिळून तापू," आणि पलीकडचा हसायचा.

जुनी माणसं सोडून जात गेली तशी ती एकेक खुर्ची सरकत खांबाशी आली. तिथे खांबामुळे मागे पाठ टेकल्यासारखं वाटे, ऊन येत नसे आणि एसीही बेताचा लागे.

त्या मजल्याची पश्चिमेची भिंत सगळी काचेची होती. दुपारी तीननंतर ऊन थेट आत येई. काचेशेजारी बसणाऱ्या अमोलला स्क्रीनवर अक्षरांऐवजी स्वतःचा चेहरा दिसे. पडद्याच्या पट्ट्या कधीच तुटल्या होत्या. काचेला काळी फिल्म लावायचं कोटेशन पुण्याच्या हेड ऑफिसला गेलं होतं आणि तिथेच राहिलं होतं. मग काचेकडचे लोक म्हणत, एसी वाढवा. ऑफिसची व्यवस्था बघणारा गोरक्ष रिमोट खिशातच ठेवायचा. तो वीसवर लावून द्यायचा आणि निघून जायचा. एसी छतात बसवलेला होता, चारी बाजूंना हवा फेकणारा. त्याची एक झडप मोडून उघडी पडली होती. ती बाजू बरोबर एका खुर्चीच्या डोक्यावर यायची, आणि त्या खुर्चीवर निकिता बसायची.

निकिता अहिरे नामपूरची. लग्न होऊन नाशिकला आलेली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, बोलायला गोड. नोकरीला लागली तेव्हा तिला माजिदानंच शिकवलं होतं. दोघी डबा एकत्र खायच्या. निकिताला माजिदाच्या घरची खिम्याची भाजी चालायची नाही, पण शिरखुर्मा ती दोन वाट्या खायची. "माजिदाताई, माझ्या सासूबाईंना सांगू नको हं," म्हणायची.

त्या वर्षी मार्चमध्ये निकिताची मान धरली. आधी तिनं शाल आणली. मग टोपीचा स्वेटर आणला, आणि बाहेर चाळीस अंशाला लोक घामानं भिजत असताना ती आत टोपी ओढून बसू लागली. लोक हसले. एक दिवस तिला मान वळवताच येईना. डॉक्टरांनी शेक सांगितला, व्यायाम सांगितला आणि थेट हवेखाली बसू नका म्हणाले.

ती टीम लीडर रविराजकडे गेली. रविराज माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कुठलीही गोष्ट आपल्या टेबलावर फार वेळ राहिलेली आवडत नसे.

"गोरक्षला सांगून एसी कमी करा ना सर."

"मग काचेकडचे ओरडतात."

"मग माझी जागा बदला."

"कुणाला उठवू मी? तुम्हीच सांगा. कुणी तयार असेल तर माझी काही हरकत नाही. तुम्ही आपसात ठरवा आणि मला कळवा."

मग निकिता आपसात ठरवायला निघाली. दोन दिवस ती खुर्च्यांमागे उभी राहून विचारत होती. पहिलीला सर्दी होती, दुसरीला सायनस. एकानं सांगितलं, माझा कॉम्प्युटर इथल्याच वायरला चालतो, जे खोटं होतं. अमोल म्हणाला, "माझी घे की, मला थंडीच पाहिजे." ती एक दिवस अमोलच्या जागेवर बसली. चार वाजता तिचं डोकं इतकं दुखायला लागलं की एका शेतकऱ्याचा पंप तिनं दिंडोरीऐवजी देवळ्याच्या मेकॅनिकला पाठवला. दुसऱ्या दिवशी ती परत एसीखाली आली.

जेवताना तिनं पोळीचा तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"रडतेस काय," माजिदा म्हणाली. "माझी घे."

"नको गं ताई. तू इतक्या वर्षांनी तिथं आलीस."

"जागा हाय, जमीन नाय. पाऊस लागेपर्यंत बस. तोवर तुझी मान सुटेल, मग बघू."

निकितानं खरकट्या हातानंच तिला मिठी मारली.

रविराजनं दोघींना बोलावून सगळ्यांसमोर विचारलं, "माजिदा मॅडम, तुम्हाला तिथं काही अडचण नाही ना? नंतर मला त्रास नको."

"नाही सर."

"तसंही तुम्ही स्कार्फ बांधताच," रविराज हसून म्हणाला. "तुम्हाला काय लागणार आहे."

दोघं-तिघं हसले. निकिताही हसली. माजिदाही हसली, कारण त्या वेळी ते तिला विनोदासारखंच वाटलं.

स्कार्फ डोकं झाकतो. डोळे झाकत नाही, आणि घशाच्या आत तर कापड जात नाही. पहिल्या आठवड्यात माजिदाच्या नाकाचा शेंडा बधिर व्हायला लागला. मग दुपारपर्यंत आवाज बसायला लागला. हेडफोन लावून दिवसभर बोलणाऱ्या माणसाचा आवाज म्हणजे त्याचं अवजार. ती गरम पाण्याची बाटली घेऊन बसू लागली, खडीसाखर तोंडात ठेवू लागली. शेतकरी विचारत, "ताई, आजारी हाय का तुमी?" आणि ती हसून नाही म्हणे. मे महिन्यात उजवा डोळा चुरचुरायला लागला. आत वाळूचा कण गेल्यासारखं वाटे, चोळलं की लाल होई. स्क्रीनकडे बघता बघता पाणी गळे.

नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. रहेमान तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरबाईंनी डोळ्यात कागदाची पट्टी लावून बघितली. "डोळे कोरडे पडलेत. हवा थेट तोंडावर येते का?"

"हो."

"थेंब लिहून देते. पण जागा बदला आधी. नाहीतर थेंब घालत बसाल."

रिक्षात रहेमान म्हणाला, "तिला सांग की उठ म्हणून. तूच दिली ना?"

"सांगते. पाऊस लागला की तसंही ठरलंय."

पाऊस लागला. बाहेर गारवा आला तरी आत एसी चालूच, कारण खिडक्या उघडणाऱ्या नव्हत्या. माजिदानं एक आठवडा वाट बघितली की निकिता आपण होऊन बोलेल. निकिता डब्याच्या वेळी दिराच्या लग्नाचं बोलत होती, कांद्याच्या भावाचं बोलत होती, नामपूरला बाजार पडल्यामुळे वडील कसे चिडचिड करतात ते सांगत होती. मान आता अगदी बरी आहे, असंही ती सांगून गेली.

मग माजिदाच बोलली. "निकिता, आपण जागा परत बदलू का? डोळ्याचा लय त्रास होतोय. डॉक्टरनं सांगितलं."

निकितानं डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलंय की नाही ते बघत राहिली.

"अगं ताई, बदललं असतं. पण माझी मान आत्ता कुठे बरी झालीय. परत तिथे गेले तर परत धरेल. तू थोडं सरकून बसतेस का? की सरांना विचार, दुसरी एखादी जागा निघते का."

"आपलं पावसापर्यंत ठरलं होतं."

"हो, पण तेव्हा कुठे माहीत होतं की बरं वाटेल म्हणून," निकिता म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तसं नाही. तू रागावू नको हं."

माजिदा रागावली नाही. तिला आधी फक्त लाज वाटली, जणू आपणच काही मागायला नको ते मागितलं.

रविराजनं ऐकून घेतलं, डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, परत दिली.

"मॅडम, मी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं होतं की नाही? तुम्ही काय म्हणालात?"

"तेव्हा त्रास नव्हता सर."

"आता मी निकिताला उठवलं तर ती तिच्या डॉक्टरची चिठ्ठी आणणार. मग मी कुणाचा डॉक्टर मोठा ते ठरवू का? तुम्ही आपसात बघा."

"आपसात बघितलं. ती नाही म्हणते."

"मग पुण्याला एचआरला मेल टाका."

तिनं मेल टाकली. एचआरच्या वैष्णवी मॅडमचा फोन आला, आवाज फार नम्र होता. त्यांनी सगळं विचारलं, लिहून घेतलं, आणि म्हणाल्या की बसण्याची व्यवस्था हा स्थानिक विषय आहे, तो टीम लीडरच सोडवतात, मी रविराज सरांशी बोलून घेते. रविराज सरांशी त्या बोलल्याही. त्यामुळे एवढंच झालं की रविराज माजिदाशी बोलताना घड्याळाकडे बघायला लागला.

गोरक्षला तिनं झडपेबद्दल विचारलं. तो म्हणाला, "मेंटेनन्सचं कॉन्ट्रॅक्ट संपलंय. नवीन झालं की सांगतो माणूस बोलवायला."

"कधी होणार?"

"ते पुण्याला माहीत."

दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी चढवणाऱ्या त्या ऑफिसात एका झडपेची तक्रार कुठे चढवायची ते कुणाला ठाऊक नव्हतं.

शेवटी माजिदानं स्वतःच्या डोक्यानं उपाय केला. प्रिंटरच्या कागदांचं रिकामं खोकं पडलं होतं. तिनं त्याची एक बाजू कापली, अमोलकडून धरून घेतलं आणि खुर्चीवर चढून, चिकटपट्टीनं तो पुठ्ठा मोडक्या झडपेखाली तिरका लावला. खाली उतरली तेव्हा तोंडावरची हवा थांबली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं दुपारी डोळे न चोळता काम केलं. एका म्हाताऱ्या बागायतदाराला ती अर्धा तास व्हॉल्व्ह कसा साफ करायचा ते सांगत होती, आणि तिचा आवाज तिला स्वतःचा वाटत होता.

ते दोन दिवस टिकलं. तिरक्या पुठ्ठ्यावर आपटून हवा आता खांबाकडे जात होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निकिता मानेवर हात ठेवून उठली, वर बघितलं, पुठ्ठा बघितला, माजिदाकडे बघितलं आणि सरळ रविराजच्या केबिनमध्ये गेली. काच असल्यामुळे आतलं ऐकू येत नव्हतं पण दिसत होतं. ती पुठ्ठ्याकडे बोट दाखवत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुठ्ठ्याला थंडीनं दव सुटलं, तो भिजून लोंबला आणि एक-एक थेंब माजिदाच्याच की-बोर्डवर पडायला लागला. गोरक्ष आला. खुर्चीवर चढला आणि ओढून पुठ्ठा काढला. छताचा रंगही चिकटपट्टीबरोबर निघाला.

"हे कोणी केलं?" रविराज केबिनबाहेर येऊन म्हणाला, माहीत असूनही.

"मी," माजिदा म्हणाली.

अमोल स्क्रीनकडे बघत राहिला.

"मॅडम, ही कंपनीची मालमत्ता आहे. पाणी कॉम्प्युटरमध्ये गेलं असतं तर? दुसऱ्यांना त्रास झाला असता तर? झालाच आहे. लेखी तक्रार आलीय माझ्याकडे." त्यानं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. निकितानं हेडफोन कानावर चढवला होता आणि कुठलाही फोन चालू नसताना ती हूं हूं करत होती.

"मी महिनाभर सांगतेय सर," माजिदा म्हणाली. बोलता बोलता डोळ्यातून पाणी यायला लागलं. ते रडणं नव्हतं, तो उजवा डोळा होता, पण ते सगळ्यांना कसं समजावणार? तिनं स्कार्फच्या टोकानं पुसलं आणि लोकांनी नजरा वळवल्या.

"ठीक आहे," रविराजचा आवाज खाली आला. "तुम्हाला जागा बदलून पाहिजे ना? देतो. पॅसेजमध्ये प्रिंटरशेजारी टेबल आहे. तिथे एसी नाही. आजच शिफ्ट व्हा."

तिला जागा मिळाली. प्रिंटर तिच्या डाव्या कोपरापाशी होता, उजवीकडे पॅन्ट्रीचं दार. प्रिंटर घरघरायचा, ओव्हन शिट्टी मारायचा, चहा प्यायला आलेले लोक क्रिकेटवर भांडायचे. डोळा महिन्याभरात बरा झाला, घसाही सुटला. पण फोनवर शेतकरी म्हणू लागले, "ताई, बाजारात बसलाय का? काय ऐकू येईना." ती मोठ्यानं बोलायची. मोठ्यानं बोललं की तिच्या आवाजातलं ते समजुतीचं वळण जायचं, आणि चिडलेला माणूस जास्तच चिडायचा. एका नामपूरकडच्या बाईनं तर "तुम्ही ओरडू नका माझ्यावर," म्हणून फोन ठेवला. त्या कॉलचं रेकॉर्डिंग पुण्याच्या तपासणीत नेमकं निवडलं गेलं. ऑगस्टमध्ये तिचे गुण घसरले, सप्टेंबरमध्ये आणखी. ऑक्टोबरमध्ये रविराजनं तिला फोनवरून काढून जुन्या तक्रारी बंद करायच्या कामाला लावलं. हेडफोन काढून ठेवला. दिवसभर न बोलता ती एकेक जुनी तक्रार उघडायची आणि बंद करायची.

दिवाळीआधी पुण्याहून एक मोठ्या बाई दोन दिवसांसाठी आल्या. बसायला रिकामी खुर्ची एकच होती, मोडक्या झडपेखालची. त्या लॅपटॉप उघडून बसल्या. जेवायच्या सुट्टीपर्यंत त्यांनी दोनदा शिंका दिल्या आणि गोरक्षला हाक मारली. "अहो, इथे कोण बसतं? माणसं आहेत की भाजीपाला?" दुसऱ्या दिवशी दुपारी शिडी घेऊन माणूस आला. झडप बदलली. तो होता तोवर गोरक्षनं त्याच्याकडून बाकीच्या झडपाही बघून घेतल्या. आठवड्याभरात काचेला फिल्मही लागली आणि एसी पंचवीसवर गेला. निकिताच्या जुन्या खुर्चीवर रोहित नावाचा नवा मुलगा बसायला लागला. त्याला तिथे कधी काय होत होतं ते माहीतही नव्हतं.

रविराज प्रिंटरपाशी कागद घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "बघा मॅडम, झालं की नाही सगळं व्यवस्थित?"

"मला परत फोनवर घ्या सर. आता आत कुठेही बसता येईल."

"जानेवारीत बघू. आत्ता तुमचे गुण बघता पुण्याला पटणार नाही." त्यानं कागद उचलले. "सीनिअरच्या जागेसाठी मी तुमचंच नाव देणार होतो, खरं सांगतो. पण या परिस्थितीत नाही देता आलं."

सीनिअर म्हणून निकिताचं नाव लागलं. तिनं पेढे वाटले. सगळ्यांना देऊन शेवटी ती पॅसेजमध्ये आली. डब्यात दोन पेढे उरले होते.

"घे ना ताई."

माजिदानं घेतला. खाल्ला. "छान आहे. कुठला?"

"माजिदाताई, तू माझ्याशी बोलत का नाहीस?"

"बोलतेय की."

"तसं नाही." निकितानं प्रिंटरवर हात टेकला. "मी काय वाईट केलं तुझं? मान दुखत होती म्हणून सांगितलं. तुझं नाव पण नव्हतं घेतलं मी, फक्त पुठ्ठ्याचं सांगितलं."

माजिदानं बोटाला लागलेला पेढा पुसला.

"तू तेव्हा नाही म्हणाली असतीस ना, तर बरं झालं असतं," निकिता म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "बाकी सगळे नाही म्हणाले, त्यांचा मला काही राग आला नाही. त्यांच्याशी मी नीट बोलते. तू दिलीस, म्हणून रोज त्या खुर्चीत बसताना मला चोरासारखं वाटतं. रोज! मी काय कायम तुझ्या उपकारात राहू?"

पॅन्ट्रीतून अमोल कप घेऊन बाहेर आला, दोघींना बघून परत आत गेला.

माजिदाला बोलायचं खूप होतं. इतके महिने रात्री भाकरी थापताना तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती, एकापेक्षा एक धारदार. पण समोर उभ्या पोरीला खरोखरच आपण अन्यायात सापडलो असं वाटत होतं. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तिला काय सांगणार?

"जा निकिता," ती म्हणाली. "फोन वाजतोय तुझा."

फोन वाजत होता खरा. निकिता गेली.

संध्याकाळी रहेमान घ्यायला आला. माजिदानं गाडीवर बसताना त्याला सांगितलं की उद्यापासून डबा नेणार नाही, मी घरूनच जेवून निघत जाईन.

"दिवसभर उपाशी?"

"भूक नाय लागत तिथं."

रहेमाननं आरशातून मागे बघितलं आणि गाडी सुरू केली. सातपूरच्या सिग्नलला कंपन्यांच्या बस सुटल्या होत्या, धूर होता. तिनं डोळे मिटून घेतले. जानेवारीत रविराजनं तिला पुन्हा विचारलं नाही आणि तिनंही आठवण करून दिली नाही. ती अजून तिथेच आहे, जुन्या तक्रारी बंद करते.